पदनाम व सेवासंस्था बदलताना अध्यापकाच्या परिचयातील एकवाक्यता : गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या संदर्भात

गोषवारा : महाविद्यालयीन अध्यापकाचा परिचय आज स्वपरिचयपत्र, महाविद्यालयाचे संकेतस्थळ, संशोधक-नोंदणीची पटले आणि समाजमाध्यमे अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी उपलब्ध असतो. पदोन्नती किंवा सेवाबदल झाल्यावर या परिचयांमध्ये विसंगती निर्माण होते. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे संलग्नित महाविद्यालयाच्या व्यवस्थेत शोधण्याचा प्रयत्न केला असून एका नमुना प्रकरणाच्या आधारे दुरुस्तीचा क्रम स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : पदनाम, देय दिनांक, धारणाधिकार, संलग्नित महाविद्यालय, ऑर्किड, विद्वान

प्रस्तावना

मूल्यांकनाच्या निमित्ताने किंवा निवड समितीसमोर कागदपत्रे ठेवताना एक अनुभव वारंवार येतो. अध्यापकाने सादर केलेल्या स्वपरिचयपत्रात एक पदनाम असते, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर दुसरे आणि गूगल स्कॉलरवर तिसरे. अध्यापक प्रामाणिक असतो. त्याने कोणतीही माहिती हेतुपुरस्सर चुकीची दिलेली नसते. तरीही समितीतील सदस्याच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो माहितीच्या अचूकतेपुरता मर्यादित राहत नाही, तो व्यक्तीच्या विश्वासार्हतेपर्यंत जातो. हा प्रश्न केवळ आळसाचा आहे असे मानले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अर्धेच खरे आहे. आपल्या व्यवस्थेत पदनाम आणि सेवासंस्था या दोन्ही गोष्टी इतक्या प्रकारे लिहिता येतात की काळजीपूर्वक लिहिणाऱ्याचाही गोंधळ होतो. म्हणून प्रथम गोंधळाचे मूळ पाहणे इष्ट ठरेल.

पदनामाचा प्रश्न

मराठीत महाविद्यालयात शिकविणारी प्रत्येक व्यक्ती 'प्राध्यापक' असते. नियुक्तीच्या पहिल्या दिवसापासून विद्यार्थी, पालक आणि गावकरी तिला 'प्राध्यापक' म्हणतात, निमंत्रणपत्रिकेत नावापूर्वी 'प्रा.' छापले जाते. हे आदरार्थी संबोधन आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु हेच संबोधन इंग्रजी परिचयात जाताना `Prof.` होते आणि तेथे त्याचा अर्थ बदलतो, कारण तेथे ते एका निश्चित पदाचे नाव आहे. सहायक प्राध्यापकाने मराठी पत्रिकेवर 'प्रा.' लिहिणे हा रूढ व्यवहार होय. त्यानेच लिंक्डइनवर `Professor` लिहिणे हा चुकीचा दावा होय. अशा अनेक परिचयांमधील चूक भाषांतरातून आलेली असते, हे समितीला मात्र कोणी सांगत नाही.

दुसरी अडचण ऐतिहासिक आहे. अधिव्याख्याता आणि प्रपाठक ही पदनामे सहाव्या वेतन आयोगाच्या अनुषंगाने २००८ च्या अखेरीस केंद्र शासनाने जाहीर केलेल्या योजनेत आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत मागे पडली. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशी तीनच पदनामे उरली. त्यामुळे २०१० पूर्वी नियुक्त झालेल्या अध्यापकाचे पदनाम कोणतीही पदोन्नती न होता बदलले. त्याच्या नियुक्ती आदेशावर 'अधिव्याख्याता' आहे आणि वेतनपत्रकावर 'सहायक प्राध्यापक'. दोन्ही कागद खरे आहेत.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म असून तिच्यातूनच बहुसंख्य तारखांची विसंगती जन्मते. कारकीर्द प्रगती योजनेखालील पदोन्नतीला दोन दिनांक असतात. अध्यापकाने किमान सेवा व इतर अटी पूर्ण केल्यावर अर्ज केला आणि समितीने त्यास पात्र ठरविले, तर २०१८ च्या विनियमांनुसार पदोन्नती किमान पात्रता पूर्ण झाल्याच्या दिनांकापासून लागू होते. प्रत्यक्ष आदेश मात्र समितीची बैठक, विद्यापीठ आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय, नागपूर विभाग, अशी वाट चालून पुष्कळ नंतर हाती पडतो. मधल्या काळात अध्यापकाने स्वतःला काय म्हणावे? आदेश येईपर्यंत जुनेच पदनाम, हे उघड आहे. आदेश आल्यानंतर मात्र देय दिनांक लिहावा की आदेशाचा दिनांक, याबाबत एकाच व्यक्तीच्या दोन परिचयांत दोन उत्तरे आढळतात.

याशिवाय 'विभागप्रमुख', 'समन्वयक', 'प्रभारी प्राचार्य' या जबाबदाऱ्या आहेत, पदनामे नव्हेत. प्रभारी प्राचार्याच्या परिचयातून 'प्रभारी' हा शब्द गळतो, तेव्हा तो बहुधा इतरांच्या हातून गळलेला असतो. पण संकेतस्थळावर तो गळलेला दिसत असूनही जो दुरुस्ती करून घेत नाही, त्याच्यावर दोष येतोच.

सेवासंस्थेचा प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातील पारंपरिक पदवी महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्नित आहेत. महाविद्यालय चालविणारी शिक्षण संस्था वेगळी, महाविद्यालय वेगळे आणि विद्यापीठ वेगळे. अध्यापकाची नियुक्ती संस्था करते, तो महाविद्यालयात काम करतो आणि त्याच्या नियुक्तीस मान्यता विद्यापीठ देते. आंतरराष्ट्रीय नोंदणी-पटलावर माहिती भरताना ही त्रिस्तरीय रचना एकाच रकान्यात बसवावी लागते. ऑर्किडवर सेवासंस्थेचे नाव टाइप करू लागताच एक यादी समोर येते. महाविद्यालयाचे नाव त्या यादीत नसेल तर अध्यापक यादीतील विद्यापीठ निवडून मोकळा होतो. परिणामी तो विद्यापीठाचा कर्मचारी असल्याचे जगाला दिसते, त्याच्या महाविद्यालयाचे नाव नोंदीत उरतच नाही. वस्तुतः यादीत नाव नसल्यास महाविद्यालयाचे नाव, शहर व देश स्वतः लिहून नोंद पूर्ण करता येते. विद्यापीठाचा उल्लेख परिचयाच्या मजकुरात 'संलग्नित' या शब्दासह करावा.

नावांच्या रूपांचाही येथे विचार करावा लागतो. इंग्रजीत जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर `Gondia` असे लिहिले जाते, तर २०११ च्या जनगणनेत `Gondiya`. महाविद्यालयाने स्वतःच्या शिक्क्यावर जे रूप स्वीकारले असेल तेच सर्वत्र ठेवावे, अन्यथा शोधप्रबंध आणि लेखांच्या सूचींत एकच महाविद्यालय दोन ठिकाणी विभागले जाते. विद्यापीठाचे नाव २००५ मध्ये बदलले. त्यापूर्वी पदवी घेतलेल्याने पदवीपत्रावर असलेले 'नागपूर विद्यापीठ' हेच नाव लिहावे आणि पुढे कंसात 'सध्याचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' अशी पुस्ती जोडावी. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे आमगाव किंवा तिरोडा येथे शिकलेल्या आपल्या पिढीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर 'जिल्हा भंडारा' असते. तेथे कोणी हरकत घेत नाही, कारण तो दाखला त्या दिवसाचा आहे हे सर्वांना मान्य असते. हाच न्याय परिचयालाही लावता येतो.

अभिलेख आणि चालू परिचय

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. काही नोंदी विशिष्ट दिवसाच्या असतात : प्रकाशित शोधनिबंधावरील पत्ता, परिषदेची पुस्तिका, जुना वार्षिक अहवाल, प्रबंधाचे मुखपृष्ठ. हे अभिलेख होत. पदनाम बदलले म्हणून ते बदलायचे नसतात आणि बदलण्याची विनंतीही करायची नसते. काही नोंदी मात्र 'आज' सांगतात : संकेतस्थळावरील अध्यापक-पृष्ठ, गूगल स्कॉलरचा शीर्षभाग, विद्वान पटलावरील परिचय, लिंक्डइनची शीर्षओळ, ई-पत्राखालील स्वाक्षरी. ही बदलावीच लागतात. बऱ्याच अध्यापकांच्या हातून नेमके उलट घडते. चालू परिचय तसाच राहतो आणि स्वपरिचयपत्रातील जुन्या शोधनिबंधांपुढे मात्र नव्या महाविद्यालयाचे नाव येते.

शोधनिबंध स्वीकृतीच्या वाटेवर असताना सेवाबदल झाला तर काय करावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. काम जेथे झाले त्या महाविद्यालयाचा पत्ता मुख्य ठेवावा आणि सध्याचा पत्ता तळटीपेत द्यावा, ही संशोधन-पत्रिकांची रूढ पद्धत आहे. पत्रव्यवहाराचा ई-पत्ता मात्र चालू असलेलाच द्यावा.

एक नमुना प्रकरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. एक अध्यापिका १ जुलै २००९ रोजी गोंदिया शहरातील एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या अधिव्याख्याता म्हणून रुजू झाल्या. २०१२ मध्ये त्यांना विद्यावाचस्पती पदवी मिळाली. पुढील टप्पे वेळेवर पूर्ण होऊन १ जुलै २०२१ रोजी त्या सहयोगी प्राध्यापक पदास पात्र ठरल्या. समितीची बैठक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, आदेश फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. २ जानेवारी २०२५ रोजी त्या देवरी तालुक्यातील एका महाविद्यालयात प्राचार्य म्हणून रुजू झाल्या. पहिल्या महाविद्यालयात त्यांचा धारणाधिकार कायम आहे.

रुजू झाल्यानंतर आठवडाभराने त्यांचे सहा परिचय एकत्र ठेवून पाहिले तर असे दिसते. स्वपरिचयपत्रात 'सहयोगी प्राध्यापक, २०२३ पासून'. जुन्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर 'सहायक प्राध्यापक', आणि तेही कार्यरत अध्यापकांच्या यादीत. गूगल स्कॉलरवर 'अधिव्याख्याता, नागपूर विद्यापीठ'. ऑर्किडवर एकच नोंद : २००९ पासून आजतागायत सहायक प्राध्यापक. लिंक्डइनवर `Professor`. फेसबुकवर 'प्राचार्य', आणि ही नोंद निवड झाल्याच्या दिवशीची, म्हणजे रुजू होण्यापूर्वीची. यांपैकी लिंक्डइनवरील नोंद कधीच खरी नव्हती. गूगल स्कॉलरवरील पदनाम एकेकाळी खरे होते, सेवासंस्था नव्हती. फेसबुकवरील नोंद लिहिली तेव्हा खरी नव्हती, आज आहे. बाकीच्या नोंदी अपुऱ्या किंवा शिळ्या आहेत. म्हणजे सहाही ठिकाणी एकच उपाय चालणार नाही.

दुरुस्तीची सुरुवात कोणत्याही पटलावरून करू नये. आधी एक मूळ नोंद तयार करावी. तीत प्रत्येक टप्प्यासाठी आदेशावरील पदनाम, सेवासंस्थेचे पूर्ण नाव, देय दिनांक, आदेशाचा क्रमांक व दिनांक आणि रुजू झाल्याचा दिनांक एवढेच असावे. आदेशाची प्रत समोर ठेवूनच ही नोंद लिहावी. स्मरणातून लिहिलेल्या तारखांतच पुढील घोटाळ्याचे बीज असते. वरील प्रकरणात मूळ नोंदीतील चार ओळी अशा होतील :

```
०१.०७.२००९            अधिव्याख्याता, वनस्पतिशास्त्र (नियुक्ती आदेशानुसार)
२०१० च्या विनियमांनंतर   सहायक प्राध्यापक (पदनामबदल, पदोन्नती नव्हे)
०१.०७.२०२१            सहयोगी प्राध्यापक (आदेश : फेब्रुवारी २०२३)
०२.०१.२०२५            प्राचार्य, दुसरे महाविद्यालय (पहिल्यात धारणाधिकार)
```

देय दिनांकाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. सेवाकालाची गणना देय दिनांकापासून होते, म्हणून परिचयात तोच दिनांक लिहावा. स्वपरिचयपत्रात मात्र कंसात आदेशाचा महिना द्यावा. कारण २०२२ मधील एखाद्या शोधनिबंधावर त्याच अध्यापिकेचे पदनाम 'सहायक प्राध्यापक' छापलेले आहे, आणि वाचणाऱ्याला या दोहोंचा मेळ कंसातील त्या महिन्यावरूनच घालता येतो. स्वपरिचयपत्राची जुनी प्रत फेकून देऊ नये. ती ज्या अर्जासोबत दिली होती त्या अर्जाचा ती अभिलेख आहे.

मूळ नोंदीवरून तीन लांबीचे परिचय लिहावेत : एका ओळीचा, सुमारे पन्नास शब्दांचा आणि पानभराचा. पटले वेगवेगळी मागणी करतात म्हणून दर वेळी नव्याने लिहिण्याची सवय लागते आणि दर वेळी शब्द थोडा बदलतो. तिन्ही परिचय एकाच बैठकीत, मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत लिहून ठेवले की पुढे केवळ उतरवून घेणे उरते. 'प्रा.' हे संबोधन इंग्रजी परिचयात न नेता तेथे `Dr.` किंवा केवळ नाव ठेवावे.

बदलाचा क्रम

सेवाबदलात सर्वांत आधी ई-पत्त्याकडे पाहावे, आणि तेही कार्यमुक्त होण्यापूर्वी. महाविद्यालयाने दिलेला ई-पत्ता कार्यमुक्तीनंतर केव्हाही बंद होऊ शकतो. गूगल स्कॉलर, ऑर्किड किंवा विद्वानचे खाते केवळ त्याच पत्त्यावर उघडलेले असेल, तर परवलीचा शब्द विसरताच दार कायमचे बंद होते. त्यानंतर अध्यापक दुसरे खाते उघडतो, आणि एकाच व्यक्तीचे दोन परिचय जगात हिंडू लागतात. एक चालू, दुसरा कोणाच्याच ताब्यात नसलेला. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या विसंगतींपैकी दुरुस्तीला सर्वांत कठीण प्रकार हाच. ऑर्किडवर एकाहून अधिक ई-पत्ते जोडता येतात, म्हणून खाजगी पत्ता आधीच जोडून त्याची पडताळणी करून घ्यावी. ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक व्यक्तीचा असतो, महाविद्यालयाचा नव्हे. नव्या महाविद्यालयात नवा क्रमांक काढू नये.

रुजू अहवाल दिल्याच्या दिवसापूर्वी नवे पद कोठेही जाहीर करू नये. निवड आणि रुजू होणे यांच्यामध्ये कार्यमुक्ती व धारणाधिकाराची मंजुरी असते, आणि यांपैकी एक अडली तरी जाहीर केलेले पद परत घ्यावे लागते.

रुजू झाल्यावर प्रथम ऑर्किड घ्यावे, कारण इतर काही पटले तेथील नोंदीचा आधार घेतात. `Employment` या विभागात जुनी नोंद पुसून तिच्यावर नवी लिहू नये. प्रत्येक पदनामाची स्वतंत्र नोंद करावी, आधीच्या नोंदीला समाप्तीचा दिनांक द्यावा. नमुना प्रकरणात एका नोंदीच्या जागी तीन होतील : सहायक प्राध्यापक (२००९ ते जून २०२१), सहयोगी प्राध्यापक (जुलै २०२१ ते जानेवारी २०२५) आणि प्राचार्य. पहिल्या नोंदीत 'नियुक्तीसमयी अधिव्याख्याता' हा तपशील स्वपरिचयपत्रापुरता ठेवला तरी चालतो. एखादी नोंद अध्यापकाने न करता एखाद्या सदस्य संस्थेने जोडलेली असेल तर तिचा मजकूर अध्यापकाला बदलता येत नाही. त्या संस्थेलाच लिहावे लागते. नोंदीखाली तिचा स्रोत दिलेला असतो, तो पाहावा.

गूगल स्कॉलरवर पदनाम व संस्था एकाच मोकळ्या रकान्यात लिहायची असतात. तो रकाना आपोआप कधीही बदलत नाही. नवा संस्थात्मक ई-पत्ता दिल्यास त्यावर पडताळणीचा दुवा येतो. तो दुवा उघडेपर्यंत काम पूर्ण झालेले नसते. विद्वान हे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे पटल असून त्यावरील नोंदीत पदनाम, संस्था आणि अनुभव हे वेगवेगळे भाग आहेत. अनुभवात नवी ओळ जोडून वरील पदनाम तसेच सोडले की एकाच पानावर विसंगती दिसते.

लिंक्डइनवरही तीच खोच आहे. `Experience` मधील नोंद आणि नावाखालील `Headline` ही स्वतंत्र आहेत. पदोन्नती झाली असता जुन्या नोंदीतील पदनाम खोडून नवे लिहिल्यास २००९ पासूनच सहयोगी प्राध्यापक असल्याचा अर्थ निघतो. म्हणून येथेही नवी नोंद जोडावी. केवळ जुनी चूक दुरुस्त करताना `Notify network` ही कळ बंद ठेवावी, नाहीतर `Professor` चे `Associate Professor` करताच परिचितांकडून अभिनंदनाचे संदेश येऊ लागतात.

जुन्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ आपल्या हाती नसते. तेथे प्राचार्यांना लेखी विनंती करावी, कार्यमुक्ती आदेशाची प्रत जोडावी आणि नाव पूर्णतः काढण्याऐवजी 'धारणाधिकारावर अन्यत्र कार्यरत' असा शेरा मागावा. नाव सरळ काढले तर मागील वर्षांच्या मूल्यांकनातील अध्यापकसंख्येशी संकेतस्थळ जुळत नाही, ही महाविद्यालयाचीही अडचण असते.

पडताळणी

सर्व बदल केल्यानंतर सुमारे महिन्याने एकदा तपासावे. आपल्या खात्यातून बाहेर पडून, न्याहाळकाच्या खाजगी खिडकीत, नाव अवतरणचिन्हांत घालून शोध घ्यावा. एकदा केवळ नाव व `Gondia`, एकदा `Gondiya`, आणि एकदा नावासोबत जुने पदनाम. शोधाच्या यादीत काही काळ जुना मजकूर दिसतो, म्हणून मूळ पान उघडून पाहिल्याशिवाय चूक मानू नये. जे पान आपले नाही आणि ज्याचा चालकही सापडत नाही, ते सोडून द्यावे लागते. व्यापारी सूचींनी उचललेली जुनी माहिती याच वर्गात मोडते. तिच्यामागे धावण्यात श्रम फार आणि लाभ अल्प.

नमुना प्रकरणातील अध्यापिकेच्या मूळ नोंदीत आणखी एक रिकामी ओळ आताच आखून ठेवावी. २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षांची असून कामगिरीच्या मूल्यमापनानंतर आणखी एक मुदत मिळू शकते, आणि मुदतीनंतर मूळ महाविद्यालयात प्राध्यापक या पदनामाने परत जाण्याची तरतूद आहे. म्हणजे पहिली मुदत १ जानेवारी २०३० रोजी संपून त्या गोंदियास परतल्या, तर लिंक्डइनवर आज खोडावा लागलेला `Professor` हा शब्द त्या दिवशी आदेशाच्या आधारे, नव्या नोंदीत, नव्या दिनांकासह लिहिता येईल. 'माजी प्राचार्य' हे त्या नोंदीचे शीर्षक नसेल. देवरीच्या नोंदीला केवळ समाप्तीचा दिनांक लागेल.